परतीचा बाण

मागच्या नोव्हेंबरातली गोष्ट. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाच्या, म्हणजे एस. ई.च्या मुलांच्या ओरल चालू होत्या. बाहेरच्या कॉलेजातून आलेले एक्स्टर्नल सर वयाने बरेच मोठे होते, चष्मा कपाळावर सरकवून जर्नल चाळायचे आणि मग एकदम खाली बघत प्रश्न टाकायचे. दुपारी तीनच्या सुमारास, पंखे बंद पडून लॅबमध्ये उकडायला लागलं होतं तेव्हा, माझ्या वर्गातला एक शांत मुलगा समोर येऊन बसला. सरांनी विचारलं, "लिंक्ड लिस्टमध्ये नवा नोड घालायला किती वेळ लागतो?" मुलगा क्षणाचाही विचार न करता म्हणाला, "ओ ऑफ वन, सर." म्हणजे लिस्ट कितीही लांब असली तरी वेळ तेवढाच. सरांनी चष्मा खाली ओढला. "दहा हजार नोड आहेत. बरोब्बर मधे घालायचाय. तरी ओ ऑफ वन?" मुलगा गोंधळला, पण डगमगला नाही. म्हणाला, "हो सर. मॅडमच्या शीटवर तसंच आहे."

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी जर्नलच्या गठ्ठ्याकडे बघितलं.

ती शीट माझीच होती. सहा वर्षांपूर्वी केलेली, ए-फोरच्या दोन्ही बाजू भरून: डावीकडे पायऱ्या, मधे फ्लोचार्ट, उजव्या कडेला चौकटीत टाइम कॉम्प्लेक्सिटी, म्हणजे घटक वाढले की वेळ कसा वाढतो ते. कॉलेजच्या गेटसमोरचा झेरॉक्सवाला 'मॅडमची शीट' म्हणूनच ती विकतो. लॅमिनेट करून हवी असेल तर पैसे जास्त. मला तिचा छुपा अभिमान होता हे कबूल करते. आणि खरं सांगायचं तर त्या चौकटीत लिहिलेलं तद्दन खोटंही नव्हतं. लिंक्ड लिस्ट म्हणजे नोडची साखळी, प्रत्येकाकडे फक्त पुढच्याचा पत्ता, म्हणजे पॉइंटर. ज्या नोडनंतर घालायचंय तो हातात असेल, तर दोन पॉइंटर बदलले की काम संपतं, लिस्ट दहाची असो की दहा लाखांची. पण तो नोड हातात येणार कसा, हे शीटवर कुठेच नव्हतं. सरांना तेवढं एक वाक्य सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही. सर मुलाला म्हणाले, "पाठ केलंयस, समजलेलं नाही," आणि पुढच्याला बोलावलं. त्याच्या मार्कांचं काय झालं ते मला माहीत आहे, इथे लिहीत नाही.

घरी आल्यावर कपाटाच्या तळाशी माझी स्वतःची जुनी फाइल शोधली. आमच्या वेळी फ्लोचार्ट काढायला हिरव्या प्लॅस्टिकची पट्टी मिळायची. तिच्यात हिऱ्याचा आकार, तिरपी चौकट, गोल, आयत असे सगळे कापलेले असायचे. पेन उभं धरायचं, नाहीतर शाई पट्टीखाली पसरून हिऱ्याला मिशा फुटायच्या. हिऱ्याचा आकार ठरलेला, त्यामुळे प्रश्नही त्यात मावेल एवढाच विचारायचा. `i < n ?` मावायचं. 'पुढचा नोड रिकामा आहे का आणि आपण हव्या त्या जागी पोचलो का' हे कधीच मावायचं नाही, म्हणून मग आम्ही प्रश्नच छोटा करायचो. बाण पट्टीने सरळ काढले नाहीत तर मार्क कापले जायचे. आणि कॉम्प्लेक्सिटी? ती फाइलच्या शेवटच्या पानावर एका तक्त्यात. पाढ्यांसारखी. सिलेक्शन एन स्क्वेअर, मर्ज एन लॉग एन, बायनरी सर्च लॉग एन. हॉस्टेलच्या जिन्यात बसून आम्ही एकमेकींची ती घोकून घ्यायचो. चित्र एकीकडे आणि आकडा दुसरीकडे, मधे वीसेक पानं. माझ्या शीटवर मी आकडा चित्राशेजारी आणला एवढीच काय ती सुधारणा. शेजारी आणला, पण चित्राला तो जोडला नाही.

दिवाळीच्या सुट्टीत नवी शीट करता आली असती, पण दिवाळी झालेली होती. म्हणून मग डिसेंबरातल्या रविवारी जेवणाच्या टेबलावर कोरे कागद पसरले आणि पहिलं काम तेच घेतलं, मधे नोड घालणं. जुन्या शीटवर त्याचे तीन आयत होते, एकाखाली एक: नवा नोड बनवा, त्याचा पॉइंटर पुढच्याकडे वळवा, आधीच्याचा पॉइंटर नव्याकडे वळवा. सरळ खाली उतरणारं चित्र. पण मुलं लॅबमध्ये प्रत्यक्षात लिहितात ते असं:

```c
while (p->next != NULL && i < pos - 1) {
    p = p->next;
    i++;
}
nn->next = p->next;
p->next = nn;
```

शेवटच्या दोन ओळी म्हणजे माझे आयत. वरच्या चार ओळी माझ्या शीटवर नव्हत्याच. (त्या दोन ओळींची अदलाबदल करणारा एक तरी मुलगा दरवर्षी सापडतो. मग नवा नोड स्वतःकडेच बोट दाखवतो, त्यानंतरची सगळी लिस्ट हरवते, आणि डिस्प्ले चालवला की स्क्रीनवर एकच आकडा धबधब्यासारखा कोसळत राहतो. लांबून स्क्रीन बघूनच कळतं काय झालंय ते.) मी त्या चार ओळी चित्रात आणल्या. वर एक हिरा आला, त्याखाली 'पुढे सरका' असा एक आयत, आणि त्या आयतातून निघून पुन्हा हिऱ्याच्या डोक्यावर जाणारा एक बाण. तो बाण काढताना हात थांबला. दहा हजारांच्या लिस्टमध्ये मधे जायचं तर हा एकटा बाण जवळपास पाच हजार वेळा चालला जाणार, आणि खालचे दोन आयत एकेकदाच. एवढी वर्षं मी भाव लिहीत होते तो खालच्या दोन आयतांचा.

मग बाकीची चित्रं त्याच नजरेने बघत गेले. खाली उतरणारे बाण कितीही असोत, पन्नास आयत एकाखाली एक ठेवा, ते पन्नासच राहतात. खर्च असतो तो वर परत जाणाऱ्या बाणात. आम्ही मात्र शिकवताना त्या बाणाकडे सगळ्यात कमी लक्ष देतो. तो कडेकडेने जातो, इतर रेघांना छेदू नये म्हणून वळसा घेतो, कधी पानावर जागा नसली तर गोलात 'अ' लिहून तोडूनही टाकतो. हिरा नीट कोरतो, बाणाला मात्र जागा उरेल तिथून वाट काढून देतो.

शिवाय दोन परतीचे बाण दिसायला अगदी जुळ्या भावांसारखे असतात. साधा शोध आणि बायनरी सर्च यांचे फ्लोचार्ट शेजारी ठेवले आणि आयतांतली अक्षरं झाकली, तर मला स्वतःला फार फरक सांगता येणार नाही. बायनरी सर्चला एक हिरा जास्त, बस्स. दोन्हींत 'सापडलं का?' दोन्हींत 'पुन्हा वर'. पण पहिल्यातला बाण हजारातलं एक कमी करून वर जातो, नऊशे नव्याण्णव घेऊन. दुसऱ्यातला निम्मे टाकून वर जातो: 1000, 500, 250, 125, 62, 31, 15, 7, 3, 1. दहा वेळा हिऱ्यापाशी पोचलो की खेळ संपला. चित्रात हे कुठेच दिसत नाही, ते दिसतं फक्त झाकलेल्या अक्षरांत. म्हणून नव्या शीटवर मी प्रत्येक परतीच्या बाणावर, आयतात नव्हे, बाणावरच, बारीक अक्षरात लिहायला सुरुवात केली: 'एक कमी', 'निम्मे उरले'. आणि कडेला कॉम्प्लेक्सिटी लिहायच्या आधी तो बाण किती वेळा चालला जाईल ते मोजायचं. मोजता आलं नाही तर चौकट कोरी ठेवायची.

कोरी राहिलेली पहिली चौकट होती बिल्ड हीपची, म्हणजे आकड्यांचं असं झाड बांधायची की ज्यात प्रत्येक आकडा त्याच्या खालच्या मुलांपेक्षा मोठा असतो.

फ्लोचार्टच्या चिन्हांत एक आयत असा असतो की ज्याच्या दोन्ही उभ्या बाजूंना दुहेरी रेघ असते. त्याचा अर्थ, हे काम दुसरीकडे सविस्तर लिहिलंय, इथे फक्त नाव. फार सोयीचं चिन्ह. दारात पडदा लावावा तसं. जुन्या शीटवर बिल्ड हीपचं चित्र म्हणजे एक लूप आणि त्यात असा एक दुहेरी रेघांचा आयत, 'हीपिफाय'. त्या पडद्याआड आणखी एक परतीचा बाण लपलेला आहे: मुलांपैकी मोठा कोण ते बघ, आपण लहान असलो तर त्याच्याशी जागा बदल, पुन्हा तेच. झाडाच्या उंचीइतके, म्हणजे जास्तीत जास्त लॉग एन वेळा. लूप एन वेळा, आत लॉग एन. गुणाकार करून मी सहा वर्षांपूर्वी लिहिलं होतं O(n log n). पुस्तकांत मात्र O(n) असतं, आणि दर बॅचला एखादी मुलगी विचारते, "मॅडम, नेटवर वेगळं दिलंय." मी म्हणायची, "दोन्ही बरोबर आहेत." तसे ते आहेतही. ओ म्हणजे वरची मर्यादा. सांगलीहून पुण्याला जास्तीत जास्त दोन दिवस लागतात, हे वाक्य कोणी खोटं पाडू शकत नाही. पण पाहुण्याला कोणी तसं सांगत नाही.

त्या संध्याकाळी मी जुन्या लग्नपत्रिका कापून पंधरा चिठ्ठ्या केल्या. पाठकोऱ्या बाजूला 1 ते 15 आकडे. टेबलावर त्या झाडासारख्या मांडल्या: वर एक, खाली दोन, मग चार, मग आठ. सगळ्यात मोठा आकडा वर हवा, आणि प्रत्येकजण आपल्या मुलांपेक्षा मोठा हवा. आई समोर बसून मेथी निवडत होती. तिच्याकडून चिंचोके आणि दोन वाट्या मागून घेतल्या. एका अदलाबदलीला एक चिंचोका.

पहिल्यांदा एकेक चिठ्ठी खालून आत आणली, 1 पासून चढत्या क्रमाने. हा सगळ्यात वाईट क्रम, कारण प्रत्येक नवी चिठ्ठी आधीच्या सगळ्यांपेक्षा मोठी, त्यामुळे ती थेट शेंड्यापर्यंत चढणार. दुसऱ्या ओळीतल्या दोघी एकेक पायरी चढल्या, तिसऱ्या ओळीतल्या चौघी दोन-दोन, आणि शेवटच्या आठ जणी तीन-तीन. दोन, आठ, चोवीस. वाटीत चौतीस चिंचोके पडले.

मग सगळ्या चिठ्ठ्या पुन्हा चढत्या क्रमाने मांडल्या आणि दुसरी पद्धत धरली. यात सुरुवात शेवटच्या बापापासून, म्हणजे सातव्या जागेपासून, आणि मागे मागे येत पहिल्या जागेपर्यंत. प्रत्येकाला खाली जिथवर जायचंय तिथवर घरंगळू द्यायचं. सातव्या जागेवर 7, त्याची मुलं 14 आणि 15. पंधरा वर, सात खाली. एक चिंचोका. सहाव्याचं, पाचव्याचं, चौथ्याचं तसंच, एकेक. मग तिसऱ्या जागेवरचा 3 दोन पायऱ्या घसरला, आधी पंधराखाली, मग चौदाखाली. दुसऱ्या जागेवरचा 2 सुद्धा दोन, अकरा आणि दहाच्या खाली. शेवटी शेंड्यावरचा 1, तो बिचारा तीन पायऱ्या उतरून अगदी तळाला. चार, चार, तीन. दुसऱ्या वाटीत अकरा.

आई दोन्ही वाट्यांकडे बघत होती. म्हणाली, "अगं, चिठ्ठ्या तर तेवढ्याच होत्या."

मी काही बोलले नाही. तिने मेथीची जुडी बाजूला ठेवली, परत टेबलाकडे बघितलं आणि म्हणाली, "दुसऱ्या वेळी तू त्या खालच्या आठांपासून सुरुवातच केली नाहीस."

मी ही गोष्ट दोन तास फळ्यावर बेरजा मांडून शिकवली असती. एवढीच आहे ती. झाडात निम्म्याहून जास्त गर्दी तळाला असते. वरून बांधत गेलं तर ही गर्दीच सगळ्यात लांबचा प्रवास करते. खालून वर येत गेलं तर गर्दीला निघावंच लागत नाही, तिच्यावरचे एक पायरी उतरतात, त्यांच्यावरचे दोन, आणि पूर्ण उंची उतरायची वेळ येते फक्त एकट्या शेंड्यावर. 1023 चिठ्ठ्या असत्या तर पहिल्या पद्धतीत 8194 चिंचोके लागले असते आणि दुसरीत जास्तीत जास्त 1013. म्हणजे चिठ्ठ्यांहूनही कमी. माझा गुणाकार चुकला नव्हता, पण पडद्याआडचा बाण प्रत्येक वेळी सारखाच लांब असतो हे मी न बघता धरून चालले होते.

यावरून हीपसॉर्टच रेषीय वेळेत होतो असं मात्र कुणी समजू नये, तेही एक मुलगा पेपरात लिहून आला होता. बांधून झाल्यावर शेंड्यावरचा काढायचा आणि तळाचा शेवटचा उचलून वर बसवायचा असतो. तळाचा तो बहुधा लहानच, त्यामुळे तो जवळजवळ पुन्हा तळापर्यंत घसरतो, आणि हे दर खेपेला होतं. तिथे गर्दीला घरी बसायची सवलत नाही. तो भाग O(n log n) आहे आणि तसाच राहतो.

नंतर वाचताना एक योग जाणवला. हीपसॉर्ट जे. डब्ल्यू. जे. विल्यम्स यांनी 1964 मध्ये मांडला, एकेक घटक आत घालत हीप बांधून. त्याच वर्षी रॉबर्ट फ्लॉइड यांनी ही खालून वर येण्याची युक्ती दिली. आणि हेच फ्लॉइड तीन वर्षांनी, 1967 मध्ये, प्रोग्रॅम बरोबर आहे हे सिद्ध कसं करायचं ते सांगताना फ्लोचार्ट घेऊन बसले आणि विधानं लिहिली ती बाणांवर. या बाणावरून जाताना अमुक गोष्ट खरी असलीच पाहिजे, असं. आयतात काय करायचं ते असतं. बाणावर, आपण कुठवर आलोय ते. मला बरं वाटलं, आणि थोडी लाजही, की टेबलावर रविवारी सुचलेली गोष्ट मी जन्मायच्या आधीच छापून झाली होती, आणि मी ती पदवीला वाचलीही असेन.

नवी शीट फेब्रुवारीत पूर्ण झाली. जुनीपेक्षा दिसायला वाईट आहे. अक्षरं बाणांवर चढलीत, दुहेरी रेघांच्या प्रत्येक आयताशेजारी पडद्याआडचा खर्च लिहिलाय, आणि जिथे पूर्वी एक चौकट होती तिथे काही ठिकाणी दोन झाल्यात: 'जागा हातात असेल तर O(1)', 'शोधत जायचं तर O(n)'. दोन पानांची तीन पानं झाली. झेरॉक्सवाल्याने तोंड वाकडं केलं, पाठपोट मावत नाही म्हणून.

जूनमध्ये तो ओरलचा मुलगा स्टाफरूममध्ये आला, कसल्याशा फॉर्मवर सही हवी होती. टेबलाच्या काचेखाली नवी शीट होती. सही होईपर्यंत तो वाकून ती वाचत राहिला. मी विचार करत होते की त्या दिवसाबद्दल काहीतरी बोलावं, माझी चूक होती असं निदान म्हणावं, आणि वाक्य जुळवत होते. तेवढ्यात त्यानेच काचेवर बोट ठेवलं.

"मॅडम, इथे शेवटचा नोड काढायला O(1) लिहिलंय. टेल पॉइंटर असेल तर."

"हो. टेल आहे ना, थेट शेवटी पोचतो आपण."

"शेवटी पोचतो मॅडम. पण सिंगली आहे. शेवटच्याच्या आधीचा कसा सापडणार? त्याचाच पुढचा पॉइंटर नल करायचाय, आणि टेल पण त्याच्यावरच आणायचाय. मागे तर जाता येत नाही."

मी बघितलं. शेवटी घालायला टेल पुरतो, तिथलं O(1) बरोबर होतं. काढणं त्याच्याच खाली होतं आणि लिहिताना हात तसाच खाली वाहत गेला होता. काढायचं तर हेडपासून निघून शेवटून दुसऱ्यापर्यंत चालत यावं लागतं. चित्रात मी त्यासाठी एक आयत काढला होता, 'आधीच्या नोडवर जा', सरळ खाली उतरणारा.

काच उचलून मी कागद बाहेर काढला आणि पेन त्याच्या हातात दिलं. तो जरा संकोचला, "तुम्हीच काढा ना मॅडम," म्हणाला. मग उभ्याउभ्याच त्याने आयताच्या वर एक छोटासा हिरा काढला, आणि आयतातून निघून त्या हिऱ्याकडे परत जाणारा बाण. जागा नव्हती. बाण शेजारच्या दोन रेघा कापून, मार्जिनच्या बाहेर जाऊन वाकडातिकडा वर गेला. त्यावर त्याने 'एक पुढे' लिहिलं, माझं O(1) खोडलं आणि O(n) केलं.

तीच प्रत मी झेरॉक्सला दिली. पुन्हा नीट काढायला वेळ नव्हता, सोमवारपासून लॅब सुरू होत होत्या. या वर्षीच्या मुलांकडे जी शीट आहे तिच्या दुसऱ्या पानावर तो वाकडा बाण आहे. गेल्या आठवड्यात एका मुलीने जर्नलमध्ये तो अगदी तसाच, दोन रेघा कापून, पट्टीने उतरवून काढला होता.